जलनेतीच्या पाण्याला विसण घालू नका

आमच्या योगवर्गात एक शिक्षिका येतात. सकाळी शाळेत पहिल्या तासाला वर्गात शिरल्या की हजेरी घ्यायच्या आधी दोन मिनिटं खाकरण्यात जायची. घशाशी काहीतरी चिकटलंय, गिळलं तरी जात नाही, खाकरलं तरी सुटत नाही, अशी तक्रार. त्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, घसा ठीक आहे, नाकातला कफ मागच्या मागे घशात उतरतोय, नाक धुवा. म्हणून त्यांनी जलनेती सुरू केली. आठवड्याभरात मला म्हणाल्या, "मॅडम, हे काही मला जमणारं नाही. नाकात आग होते, निम्मं पाणी घशात जातं आणि कालपासून उजवा कान बसलाय."

मी म्हटलं, "उद्या तुमचं सगळं सामान घेऊन या आणि घरी करता तसं माझ्यासमोर करून दाखवा." दुसऱ्या दिवशी त्यांनी लोटा काढला, वर्गातल्या शेगडीवर पाणी उकळवलं. इथपर्यंत छान. मग लोट्यात थोडं कढत पाणी ओतलं, बोट बुडवून पाहिलं, पटकन मागे घेतलं आणि सरळ नळाखाली लोटा धरला. आंघोळीच्या पाण्याला विसण घालतो तसं. त्यावर हाताला येईल तेवढं मीठ.

कान बसणं, आग होणं या गोष्टी एका दिवसात सुधारता येतात. मला धडकी भरली ती त्या विसणाची.

पण आधी एक साधा प्रश्न: घसा दुखतोय, मग नाक का धुवायचं? नाकाच्या आतल्या अस्तरावर कायम चिकट द्रवाचा पातळ थर असतो. हवेतली धूळ, परागकण, जंतू त्याला चिकटतात. अस्तरावरचे सूक्ष्म केस एका लयीत हलत राहतात आणि हा थर मागे, घशाकडे ढकलत नेतात. दर दहा-वीस मिनिटांनी हा थर बदलतो आणि जुना आपण नकळत गिळून टाकतो. निरोगी माणसाला याचा पत्ताही लागत नाही. सर्दी, ॲलर्जी किंवा सायनसच्या सुजेत मात्र हा द्रव जास्त होतो, घट्ट होतो, आणि पडजिभेच्या मागून ओघळत घशाच्या भिंतीवर येऊन बसतो. रात्री आडवं झाल्यावर तो तिथेच साचतो. म्हणून सकाळी उठल्याउठल्या खाकरणं, घोगरा आवाज, घशात खवखव. आपण खाकरतो, खाकरण्याने घसा आणखी सोलवटतो, आणि सोलवटलेल्या घशाला अजून काहीतरी अडकल्यासारखं वाटतं.

नीट केलेल्या जलनेतीचं पाणी घशाला लागतच नाही. ते एका नाकपुडीतून आत जातं, नाकाच्या पडद्याला मागून वळसा घालतं आणि दुसऱ्या नाकपुडीतून बाहेर येतं. घशाला आराम मिळतो तो वरून गळणारं थांबल्यामुळे. हे एकदा लक्षात आलं की नेतीची मर्यादाही कळते. टॉन्सिल सुजलेत, ताप आहे, पोटातलं आम्ल वर येऊन घसा जळतोय, किंवा दिवसभर मोठ्याने बोलून आवाज बसलाय, तर नाक कितीही धुतलं तरी त्या घशाला फरक पडणार नाही. आपलं खाकरणं कुठल्या प्रकारचं आहे याचा अंदाज घ्यायला मी दोन गोष्टी विचारते: नाक चोंदतं किंवा वाहतं का, आणि त्रास सकाळी सर्वांत जास्त असतो का? दोन्हींचं उत्तर हो असेल तर नेतीचा उपयोग होण्याची शक्यता बरी.

आता ते विसण.

नळाचं पाणी प्यायला चांगलं असेल, पण नाकात घालायला ते चांगलं असेलच असं नाही. गिळलेल्या पाण्यातले बरेच जंतू पोटातल्या आम्लात मरतात. नाकाच्या छताशी तसला पहारा नाही. तिथे वासाच्या मज्जातंतूंची टोकं असतात आणि ती थेट मेंदूपर्यंत पोचतात. नेग्लेरिया फाउलेरी नावाचा एक अमीबा कोमट गोड्या पाण्यात राहतो. तो प्यायलात तर काही होत नाही. नाकात खोलवर गेला तर याच वाटेने मेंदूत शिरू शकतो, आणि त्यातून वाचलेली माणसं फार थोडी आहेत. अमेरिकेतल्या लुईझियाना राज्यात 2011 मध्ये दोन माणसं अशी दगावली. दोघांनीही नेतीच्या भांड्यात नळाचं पाणी वापरलं होतं.

असं क्वचित होतं, अगदी क्वचित. पण ज्या धोक्याला पाच मिनिटांची उकळी पुरते, तो पत्करायचा कशाला?

"पण मी पाणी उकळवलं होतं की," बाईंचं म्हणणं. उकळवलं होतं खरं. पण त्यात थंड नळाचं पाणी मिसळल्यावर लोट्यातलं निम्म्याहून जास्त पाणी न उकळलेलं झालं. लोट्यातलं मिश्रण कोमट, म्हणजे त्या अमीबाला मानवेल इतकंच गरम. थोडक्यात, उकळण्याचा सगळा खटाटोप नळाखाली वाहून गेला. मिठाने जंतू मरतील असंही कुणी कुणी म्हणतं. नाकाला सोसेल इतक्या पातळ मिठाच्या पाण्याने हा अमीबा मरत नाही. घरच्या फिल्टरचं पाणी चालेल का, हा नेहमीचा प्रश्न. फिल्टरमधून आलेलं पाणीही उकळा. पाण्याची चव आणि गढूळपणा सुधारणारी जाळी वेगळी, आणि अमीबा अडवणारी, 1 मायक्रॉन किंवा त्याहून बारीक छिद्रांची जाळी वेगळी. शिवाय जाळीनंतरच्या टाकीत आणि तोटीत काय साचलंय ते आपण बघत नाही. सीलबंद डिस्टिल्ड किंवा निर्जंतुक पाणी मिळालं तर ते सरळ वापरता येतं.

पाणी खळखळून उकळायला लागल्यावर एक मिनिट उकळलं तरी हे जीव मरतात. समुद्रसपाटीपासून 2000 मीटरच्या वर राहत असाल तर तीन मिनिटं, कारण तिथे पाणी कमी तापमानालाच उकळतं. मी सगळ्यांना सरसकट तीन ते पाच मिनिटं सांगते. घड्याळ बघायचा आळस असणाऱ्यांसाठी ते बरं. कडेला बुडबुडे आले म्हणजे उकळी नव्हे. पूर्ण पाणी उसळ्या मारायला लागलं की तिथून मोजायचं.

मग विसणाचं काय? विसण घालायचंच, पण तेही उकळलेल्याच पाण्याचं. बाईंना मी असं बसवून दिलं. रात्री एका स्वच्छ पातेल्यात लिटरभर पाणी उकळायचं, वर झाकण ठेवून तसंच निवू द्यायचं. झाकण उकळतानाच ठेवलेलं असलं तर तेही वाफेने तापतं. सकाळी त्यातलं थोडंसं वेगळ्या भांड्यात काढून पुन्हा उकळायचं. खोलीच्या तापमानाला निवलेल्या पाच वाट्यांत कढत एक वाटी घातली की मिश्रण साधारण 37 अंशांवर येतं, म्हणजे अंगाच्या तापमानाइतकं. हवा गार असेल तर कढत पाणी थोडं जास्त लागेल, उकाड्यात थोडं कमी. शेवटचा निकाल मनगटाच्या आतल्या बाजूला: थेंब टाकल्यावर गार नाही, गरम नाही, जेमतेम जाणवतो, असं पाणी नाकात घालायचं. बोट बुडवून बघायचं नाही. चमच्याने थेंब घ्यायचा. उकळलेल्या पाण्यात बोट घालणं म्हणजे दुसऱ्या प्रकारचं विसणच. झाकून ठेवलेलं हे पाणी 24 तासांत वापरायचं, उरलेलं झाडांना.

आता मीठ. नाकातली आग बहुतेक वेळा पाण्याची नसते, मिठाच्या प्रमाणाची असते. आपल्या रक्तात आणि अश्रूंत जेवढं मीठ असतं तेवढंच पाण्यात असेल तर नाकाच्या पेशींना ते परकं वाटत नाही. ते प्रमाण 0.9 टक्के, म्हणजे लिटरला 9 ग्रॅम. बिनमिठाचं पाणी गेलं की ते पेशींत शिरतं आणि त्या फुगतात, झोंबतात. पोहताना नाकात पाणी गेल्यावर होतं तसं. मीठ फार झालं तर उलट, पेशींतलं पाणी बाहेर ओढलं जातं आणि नाक कोरडं, जळजळीत होतं.

बाईंच्या लोट्यात किती पाणी मावतं ते त्यांना माहीतच नव्हतं. मापाच्या भांड्याने मोजलं तर काठोकाठ अर्धा लिटर. म्हणजे साडेचार ग्रॅम मीठ. चहाचा 5 मिलिलिटरचा चमचा सपाट भरला तर बारीक मीठ साधारण 6 ग्रॅम बसतं, तेव्हा त्यांच्या लोट्याला पाऊण चमचा. त्या हाताच्या अंदाजाने जे घालत होत्या ते वजन करून पाहिलं तर दुपटीच्या आसपास निघालं. तुमचा लोटा लहान असेल तर आधी मोजा आणि त्या हिशेबाने घाला. पाव लिटरला पाऊणचं निम्मं. मीठ पाणी उकळून निवल्यावर, मोजून घेतलेल्या पाण्यात घालायचं. आधी घालून उकळलं तर वाफ होऊन पाणी आटतं आणि प्रमाण चढतं. मीठ साधं, बारीक, आयोडीन आणि गुठळ्या रोखणारी पूड नसलेलं मिळालं तर उत्तम, कारण काहींना त्या दोन्हींचा त्रास होतो. चमचा कोरडा. प्रमाण बरोबर असूनही चुरचुरत असेल तर चिमूटभर खायचा सोडा घातल्यावर पाणी मवाळ होतं.

एवढं झालं की कृती फार अवघड नाही. फसते ती मानेच्या कोनात.

बेसिनवर कमरेतून पुढे वाका, चेहरा खाली बेसिनकडे. मग मान एका बाजूला वळवून कलती करा, म्हणजे एक नाकपुडी वर आणि दुसरी तिच्या खाली येईल. कपाळ आणि हनुवटी साधारण एका पातळीत. तोंड उघडा आणि श्वास तोंडानेच, संथ. लोट्याची चोच वरच्या नाकपुडीत अशी बसवा की कडेने पाणी सांडणार नाही, पण चोच आतल्या पडद्यावर दाबलीही जाणार नाही. लोटा हळूहळू उचला. दोन-चार सेकंदांत खालच्या नाकपुडीतून आधी थेंब, मग धार लागते. निम्मा लोटा झाला की थांबा, हलकेच नाक मोकळं करा, बाजू बदला. पाणी आपल्या वजनाने वाहिलं पाहिजे. नाकाने ओढायचं नाही.

बाईंची चूक हनुवटीत होती. पाणी वाहतंय की नाही हे आरशात बघायला त्या मान वर करायच्या. हनुवटी वर गेली, कपाळ मागे पडलं की पाण्याला घशाकडे उतार मिळतो, मग ठसका. हनुवटी खाली घ्या, आरसा विसरा. आणखी एक युक्ती आहे. पाणी वाहत असताना "क्-क्-क्" असा आवाज काढत राहायचं. हा आवाज काढताना टाळूचा मागचा मऊ भाग वर उचलला जातो आणि नाक व घसा यांच्यातलं दार लागतं. पहिल्या दिवशी सगळा वर्ग कोंबड्यांच्या खुराड्यासारखा वाटतो, पण ठसका थांबतो. पाणी वाहत असताना बोलणं, हसणं, गिळणं टाळा. गिळताना घशापासून कानापर्यंत जाणारी बारीक नळी उघडते आणि पाणी तिकडे चढू शकतं.

एक नाकपुडी पूर्ण बंद असेल आणि पाणी दुसरीकडून येतच नसेल तर लोटा आणखी उंच करून जोर लावू नका. थांबा. दुसऱ्या बाजूने घालून पाहा. तरी नाही तर त्या दिवशी नेती नाही.

कान बसला तो नेतीने नाही, नेतीनंतर. बाई एक नाकपुडी बोटाने दाबून दुसरीतून जोरात शिंकरायच्या. नाकात अजून पाणी आहे, एक दार बंद आहे, मागून जोर येतोय. मग ते पाणी कानाच्या नळीत घुसणार नाही तर काय होईल? दोन्ही नाकपुड्या उघड्या ठेवा. कमरेतून वाकून डोकं खाली सोडा, मान सावकाश डावीकडे, मग उजवीकडे वळवा, आणि प्रत्येक वेळी नाकाने मेणबत्ती विझणार नाही इतका हलका उच्छ्वास सोडा. हे मिनिटभर. कपालभातीचे जोरदार झटके लगेच नकोत. गालांच्या हाडांमागच्या पोकळीत थोडं पाणी राहतंच, आणि तासाभराने चपलेचा बंद बांधायला वाकलात की नाकातून धार लागते. घाबरू नका, पण म्हणूनच नेती करून लगेच झोपू नका. डॉक्टरांनी नाकात मारायचा स्प्रे दिला असेल तर तो नेतीनंतर, पाणी निथळून गेल्यावर. आधी मारला तर औषध बेसिनमध्ये.

बाईंचा लोटा मी उजेडात धरला. स्टीलचा, बाहेरून लख्ख. चोचीत बघितलं तर आत तपकिरी, बुळबुळीत कड. कापसाची काडी फिरवली, काळपट होऊन आली. त्या रोज लोटा नळाखाली विसळून, उपडा घालून ठेवायच्या, ओल्या ओट्यावर. उपड्या भांड्यात हवा खेळत नाही आणि चोचीत राहिलेल्या थेंबात जंतू आपला थर धरतात. दुसऱ्या दिवशीचं उकळलेलं पाणी त्या थरावरूनच नाकात जायचं. म्हणजे विसण इथेही होतं, फक्त दिसत नव्हतं.

वापर झाला की लगेच लोटा गरम पाणी आणि भांड्यांच्या साबणाने धुवा. पोटात हात जातो, चोचीत जात नाही, तिथे बाटली धुवायचा बारीक ब्रश. साबण पूर्ण निघेपर्यंत विसळा. शेवटचं विसळणं मात्र नळाच्या नाही, रात्रीच्या उकळलेल्या पाण्याने, चोचीतूनही वाहू द्या. म्हणूनच मी अर्ध्या लिटरच्या नेतीला लिटरभर पाणी उकळायला सांगते. मग झटकून आतून कागदी रुमालाने टिपा आणि जाळीच्या रॅकवर, चोच मोकळी राहील असा, पूर्ण वाळू द्या. भांडी पुसायचं ओलं फडकं आत घालू नका. स्टीलचा लोटा आठवड्यातून एकदा पाण्यात बुडवून पाच मिनिटं उकळता येतो. प्लास्टिकचा उकळायच्या आधी त्यावरची सूचना वाचा, आणि तडे गेले किंवा आतून धुरकट झाला की टाकून द्या, तड्यांतलं धुता येत नाही. तांब्या-पितळेचा असेल तर त्यात मिठाचं पाणी साठवून ठेवू नका, हिरवट डाग पडतात. आणि लोटा ज्याचा त्याचा. नवराबायकोनेही वाटून घ्यायचा नाही.

कानात जंतुसंसर्ग असेल, कानाचा पडदा फाटलेला असेल, नाकातून वारंवार रक्त येत असेल, नाक-कानाची शस्त्रक्रिया नुकती झाली असेल, किंवा कुठल्या आजारामुळे वा औषधामुळे प्रतिकारशक्ती कमी असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नेती नको. नेती करत असताना कधी जोराचा ताप, प्रचंड डोकेदुखी, उलट्या, मान ताठणं असं काही एकदम सुरू झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा आणि न विसरता सांगा की मी नाकात पाणी घालत होतो. हे वाक्य रुग्णाने सांगितलं नाही तर डॉक्टरांना ते सुचेलच असं नाही.

बाईंनी दिवसातून एकदा, सकाळी, असं तीन आठवडे केलं. आग पहिल्याच दिवशी गेली, ठसका तिसऱ्या दिवशी. सकाळचं खाकरणं हळूहळू कमी होत दोन आठवड्यांत जवळजवळ थांबलं. दुपारी चौथ्या तासानंतर बसणारा आवाज मात्र तसाच राहिला. तो नाकातून उतरत नव्हता, साठ मुलांच्या वर्गावर ओरडण्यातून येत होता, आणि त्यासाठी त्या आता आवाजाच्या डॉक्टरांकडे जातात. नेती रोजची नाही ठेवली. सर्दी किंवा ॲलर्जीचा मोसम आला की पुन्हा सुरू करतात. परवा विचारलं, पाणी कसं निववता? म्हणाल्या, "रात्रीचं पातेलं झाकलेलं असतं, मॅडम. घरात सगळ्यांना सांगितलंय, त्यात कुणी ओगराळंसुद्धा बुडवायचं नाही."